हे ‘दोलताबाद’ कुठे आलं?

एप्रिलचा दुसरा आठवडा. १८ तारखेच्या जागतिक वारसा दिनासाठी आमच्या कॉलेजच्या ग्रुपने दौलताबादला हेरिटेज वॉक ठरवला होता आणि पोस्टरचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आधीच्या रविवारी किल्ल्यावर जाऊन फोटो काढून आणले होते. त्यातले तीन निवडले. पहिल्यात प्रवेशाजवळचा ‘संरक्षित स्मारक’ असा बोर्ड, दुसऱ्यात खालच्या रस्त्यावरची रसवंती आणि तिसऱ्यात मेंढा तोफ. तिन्ही फोटो एका ॲपमध्ये टाकले, जुन्या ॲनिमेशनपटासारखी जलरंगाची स्टाईल निवडली आणि अर्ध्या मिनिटात असं काही भारी चित्र हातात आलं की मी थेट ग्रुपवर टाकलं.

पहिल्या दहा मिनिटांत नुसते बदाम आणि ज्वाळा. मग एका मैत्रिणीचा मेसेज आला, “पोस्टर कडक आहे, पण हे ‘दोलताबाद’ कुठे आलं?”

झूम करून पाहिलं. बोर्डवरच्या ‘दौलताबाद’मधली एक मात्रा उडाली होती. ‘संरक्षित’वरचा अनुस्वार गेला होता. खालच्या बारीक मजकुराच्या ओळी तर कुठल्याच भाषेतल्या नव्हत्या. वर शिरोरेषा, खाली नुसत्या गाठी आणि वेलांट्या. रसवंतीच्या पाटीवर ‘रस’ शाबूत होता, पुढे सगळा गोंधळ. आणि तोफ? तोफेवरचा लेख मात्र झकास दिसत होता. निदान मला तरी तसं वाटलं. त्याच्याकडे नंतर येतो, कारण खरी चूक तिथेच होती.

पुढचे चार दिवस मी या एका पोस्टरवर बसलो. फोटोची स्टाईल बदलताना अक्षरं का बिघडतात आणि ती नीट कशी करायची, हे त्यातून जे कळलं ते इथे सांगतो. स्नेहसंमेलनाचं पोस्टर असो, विभागाच्या वार्षिकाचं मुखपृष्ठ असो की रीलचं कव्हर, पाटी असलेला फोटो आला की हा प्रश्न येणारच.

अक्षर जातं कुठे?

आधी हिशोब. फोनने काढलेला फोटो ४००० पिक्सेल रुंद होता. त्यात बोर्डची रुंदी साधारण ६०० पिक्सेल आणि शीर्षकातल्या अक्षरांची उंची ४८ पिक्सेल. एवढं अक्षर आपण डोळे झाकून वाचू. पण स्टाईल बदलणारं ॲप पूर्ण आकाराचा फोटो घेत नाही. माझ्या ॲपने तो १०२४ पिक्सेल रुंद केला, म्हणजे जवळपास चौथाई. ४८ पिक्सेलचं अक्षर १२ पिक्सेलचं झालं आणि आठ पिक्सेलचा अनुस्वार दोन पिक्सेलचा.

खरी गंमत यापुढे. स्टेबल डिफ्युजनसारखी मॉडेल्स पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. ती आधी चित्राचा एक सारांश बनवतात. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले असं समजा. प्रत्येक चौकोनासाठी मोजकेच आकडे जपले जातात. पहिल्या स्टेबल डिफ्युजनमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र असंच आकसून ६४ बाय ६४ व्हायचं आणि प्रत्येक खान्यात चार आकडे असायचे. आकाश, डोंगर, दगडी भिंत यांना एवढं पुरतं, कारण शेजारशेजारचे चौकोन सारखेच असतात. पण माझं १२ पिक्सेलचं अक्षर म्हणजे जेमतेम दीड चौकोन. त्या दीड चौकोनात ‘क्ष’ला पहिली वेलांटी जोडून बसवायची होती. तो बारीक मजकूर मूळ फोटोत १६ पिक्सेलचा होता, तो चारवर आला, म्हणजे अर्धा चौकोन. अर्ध्या चौकोनात अक्षर मावतच नाही.

मग स्टाईल बदलायची म्हणजे या सारांशावर मुद्दाम ‘धूळ’ टाकली जाते आणि मॉडेल ती धूळ पुसत पुसत नवीन चित्र घडवतं. धूळ किती टाकायची, त्याचा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान असतो. संगणकावरच्या बऱ्याच टूल्समध्ये तो `Denoising strength` या नावाने दिसतो. ०.२ ठेवला तर फोटो फारसा बदलत नाही. ०.७ ठेवला तर चित्र मस्त रंगवल्यासारखं होतं, पण बारीक तपशील धुळीखाली गेलेले असतात. मॉडेलला एवढंच कळतं की इथे निळा बोर्ड आहे आणि त्यावर पांढरी अक्षरं असतात. ते आठवणीतून ‘अक्षरासारखं काहीतरी’ काढतं. बोर्ड वाचून त्याची नक्कल करणं हा त्याच्या कामाचा भागच नाही.

इंग्रजीत हे थोडं निभावतं. अक्षरं सुटी आणि मोजकी असतात. शिवाय शिकवताना दाखवलेल्या चित्रांत इंग्रजी पाट्या मुबलक असतात. देवनागरीत एकाच ‘क’ची का, कि, की, कु, क्र, क्ष अशी रूपं होतात. काही चिन्हं वर, काही खाली. पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी. म्हणून शिरोरेषा छान सलग येते, कारण ती सोपी आहे, आणि तिच्याखाली घोळ होतो. हल्लीची काही मॉडेल्स मोठ्या अक्षरातला मजकूर बऱ्यापैकी नीट काढतात, पण लांबवरच्या पाटीचं गणित त्यांनाही चुकत नाही. अक्षर लहान, तर माहिती कमी.

यातली पूर्ण अगम्य अक्षरं तशी बरी, ती लगेच दिसतात. ‘दोलताबाद’ मात्र घातक. आपला मेंदू ओळखीचा शब्द अंदाजाने वाचतो आणि उडालेली मात्रा स्वतःच भरून टाकतो. मी ते चित्र पोस्ट करण्याआधी निदान वीस वेळा पाहिलं होतं. एकदाही दिसलं नाही.

पहिला उपाय, अर्धा यशस्वी

हिशोब कळला की पहिला उपाय आपोआप सुचतो. अक्षर लहान असल्यामुळे बिघडतं ना? मग मोठं करून द्या. मी मूळ फोटोतून फक्त बोर्डाभोवतीचा ८०० बाय ८०० पिक्सेलचा तुकडा कापला आणि तो वेगळा स्टाईलला टाकला. ॲपने तो १०२४ चा केला, त्यामुळे शीर्षकाची अक्षरं ४८ वरून ६१ पिक्सेलवर गेली. म्हणजे साडेसात चौकोन, आधीच्या पाचपट. लॅपटॉपवरच्या टूलमध्ये धुळीचा आकडाही ०.३ वर आणला. मग तो तुकडा पुन्हा लहान करून मोठ्या चित्रात आपल्या जागी चिकटवला.

शीर्षक वाचता येऊ लागलं. ‘स्मारक’ अगदी स्वच्छ आलं. ‘संरक्षित’मधला ‘क्ष’ मात्र तीनदा करूनही दर वेळी वेगळा. बारीक मजकूर १६ वरून २० पिक्सेलवर गेला होता, म्हणजे अडीच चौकोन. तो पुन्हा फसला. शिवाय ०.३ ला बोर्ड अर्धवट फोटोसारखा आणि बाकी चित्र जलरंगासारखं, असा ठिगळ लावल्याचा भास. अक्षरं मोठी आणि शब्द सोपे असतील तिथे हा उपाय पुरतो. मला तो पुरला नाही.

तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाला काम सांगतोय. पाटीची अक्षरं मॉडेलकडून काढूनच घ्यायची नाहीत. त्याने डोंगर रंगवावा, झाडं रंगवावीत. अक्षरं आपण घालायची.

पाटी पुन्हा लिहिताना

यासाठी मी GIMP वापरलं. फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. स्टाईल केलेलं चित्र उघडलं, मूळ फोटो त्याच आकाराचा करून वरच्या लेयरवर ठेवला आणि त्याची `Opacity` ५० केली. आता दोन्ही एकावर एक दिसतात. बोर्डाचे चार कोपरे जुळतात का ते पाहायचं. बऱ्याचदा जुळत नाहीत, कारण स्टाईल बदलताना मॉडेल वस्तू थोड्या सरकवतं. अशा वेळी नव्या चित्रातल्या बोर्डाचे कोपरे खरे मानायचे.

पुढची पायरी म्हणजे बोर्ड कोरा करणं. बिघडलेल्या अक्षरांवर थेट नवीन अक्षरं लिहिली तर मागून जुन्या गाठी डोकावतात. म्हणून क्लोन टूलने बोर्डाचाच निळा रंग उचलून ती अक्षरं पुसली. इथे घाई केली की लगेच कळतं. बोर्डाची वरची बाजू उन्हात फिकट होती आणि खालची गडद. एकाच निळ्याने भरल्यावर तो प्लास्टिकचा दिसायला लागला. दोन-तीन ठिकाणचे रंग घेऊन हलक्या ब्रशने भरल्यावर जमलं.

मग अक्षरं. फॉन्ट निवडताना मूळ बोर्डाकडे पाहायचं. तिथे सरळ, एकसारख्या जाडीची अक्षरं होती. त्यामुळे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला, फुकट मिळणारा मुक्त फॉन्ट चालून गेला. जाडजूड गोलसर पाटी असेल तर त्यांचाच बलू उपयोगी पडतो. टाइप करताना युनिकोडच वापरा. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी दिसणारे जुने फॉन्ट अजून अनेक डीटीपी दुकानांत आहेत, पण फाइल दुसऱ्याच्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की पाटी पुन्हा अगम्य.

इथे ‘ल’ने मला अर्धा तास खाल्ला. मराठी ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे असतात. हिंदी ‘ल’ला उजवीकडे सरळ उभा दंड असतो. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांसारखा, मधल्या देठाने शिरोरेषेला टांगलेला. ‘श’चंही तसंच. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण सांगितलं नाही तर हिंदी वळणाचं रूप येतं. GIMP च्या टेक्स्ट टूलमध्ये `Language` नावाचा रकाना आहे. तिथे मराठी निवडलं की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ‘ल’ बदलतो. पण थांबा. लगेच मराठी करून टाकू नका, आधी मूळ पाटी कुठल्या भाषेत आहे ते बघा. पुरातत्त्व खात्याच्या बोर्डांवर हिंदी मजकूरही असतो. तिथे ‘यह’ आणि ‘है’ असेल तर तो मजकूर हिंदीच राहिला पाहिजे. ‘महत्व’ असं लिहिलेलं असेल तर आपल्याला सवय आहे म्हणून ‘महत्त्व’ करायचं नाही. फोटो जुना असेल आणि पाटीवर शहराचं जुनं नाव असेल तर तेही तसंच ठेवायचं. आपण पाटी दुरुस्त करत नाही आहोत, पाटीचं चित्र दुरुस्त करतोय. पाटीवरची चूकसुद्धा फोटोचाच भाग असते.

अक्षरं आधी मोठी टाइप केली, २०० पिक्सेलची, कारण मोठ्याचं लहान करताना धार टिकते, लहानाचं मोठं करताना जाते. मग `Perspective` टूलने त्या लेयरचे चार कोपरे बोर्डाच्या कोपऱ्यांप्रमाणे ओढले. बोर्ड तिरका दिसत असेल तर लांबची अक्षरं लहान आणि जवळची मोठी व्हायला हवीत. हे बरोबर झालं का, ते पाहायची सोपी खूण म्हणजे शिरोरेषा. ती बोर्डाच्या वरच्या कडेच्या दिशेने धावली पाहिजे. कड उजवीकडे उतरतेय आणि शिरोरेषा आडवीच आहे, तर अक्षरं हवेत तरंगल्यासारखी दिसतात.

शेवटी अक्षरं त्या चित्रातलीच वाटायला हवीत. जलरंगाच्या चित्रात शुद्ध पांढरं काहीच नसतं. त्यामुळे चित्रातल्या सगळ्यात उजळ ढगाचा रंग उचलून तो अक्षरांना दिला. `Gaussian Blur` अर्ध्या पिक्सेलपासून सुरू केला आणि बाकी चित्राच्या कडा जेवढ्या मऊ होत्या तेवढ्यावर थांबलो. माझ्या चित्राला ०.८ पुरला. बोर्डासमोर कडुलिंबाची एक डहाळी आली होती आणि अक्षरं तिच्यावरून चालली होती. लेयर मास्क लावून डहाळीपुरता भाग काळ्या ब्रशने झाकला. या एका गोष्टीने बोर्ड एकदम खरा वाटायला लागला.

आणि तो बारीक मजकूर? मूळ फोटोत तो झूम करून वाचता येत होता, पण पोस्टरवर त्याची उंची दीड-दोन मिलिमीटर होणार होती. कुणी वाचणार नाही. तरी तिथे खोटी अक्षरं ठेवणं मला पटेना. स्मारकाची नासधूस केली तर काय शिक्षा, हे अशाच मजकुरात लिहिलेलं असतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी झाली. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर चित्र वेगळाच कायदा सांगेल. शेवटी पोस्टर रंगवणारे कलाकार करतात तेच केलं. त्या जागी फिकट आडव्या रेघा ओढल्या. रेघ पाहून ‘इथे मजकूर आहे’ एवढं कळतं आणि ती काहीही खोटं बोलत नाही.

रसवंतीला फॉन्ट नसतो

दुसऱ्या फोटोत हा सगळा मार्ग अडला. रसवंतीची पाटी पेंटरने हाताने रंगवलेली. ‘गृह’मधल्या ‘ग’ला असा काही झोकदार फराटा की कुठल्याच फॉन्टमध्ये सापडणार नाही. मी बलूमध्ये टाइप करून पाहिलं. शुद्धलेखन बरोबर, पण दुकान दुसऱ्याचंच वाटत होतं.

इथे अक्षरं टाइप करायची नाहीत, मूळ फोटोतून उचलायची. फोटोतला पाटीचा तुकडा वेगळा केला, त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा केला आणि `Threshold` लावला. या आज्ञेने ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पांढरं होतं आणि खालचं सगळं काळं. सरकपट्टी हळूहळू हलवत अशा जागी थांबायचं की अक्षरं पूर्ण येतील आणि पाटीवरचे डाग येणार नाहीत. माझ्या पाटीच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीची सावली होती. एकाच आकड्यावर एक बाजू उत्तम येत होती आणि दुसरी बुजत होती. मग दोन तुकडे वेगवेगळ्या आकड्यांवर केले आणि जोडले.

आता हाताशी पेंटरच्या अक्षरांचा नेमका साचा होता. तो लेयर मास्क म्हणून वापरला आणि मागे स्टाईल केलेल्या चित्रातलाच लाल रंग भरला. थोडक्यात, आकार खऱ्या पाटीचा आणि रंग नव्या चित्राचा. `Threshold`मुळे कडा पायऱ्यांसारख्या कातरल्या जातात, त्या किंचित ब्लरने मऊ होतात. या पद्धतीत शुद्धलेखन चुकायची भीती नाही, कारण आपण काहीच लिहीत नाही. पण मूळ फोटो स्पष्ट हवा. अक्षर हललेलं असेल किंवा पाटीवर ऊन चमकत असेल तर साचाच अर्धवट निघतो. तेव्हा परत जाऊन फोटो काढणं सोपं पडतं. तसा शहरापासून दौलताबाद काही फार लांब नाही, आणि रस प्यायला निमित्त मिळतं.

आणि मग तोफ

तिसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं पोस्टर आमच्या इतिहासाच्या मॅडमना दाखवलं. बोर्ड वाचला, रसवंती पाहून हसल्या. मग तोफेवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “मॅडम, फारसी लेख आहे ना तोफेवर.”

“तोफेवर आहे. या चित्रात काय आहे?”

चिनी महालाजवळच्या गोल बुरुजावरची ही तोफ तुम्ही पाहिली असेल. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं, म्हणून मेंढा तोफ. तिच्यावरच्या फारसी लेखांत औरंगजेबाचं नाव आहे, तोफेचं ‘किला शिकन’ म्हणजे किल्ला फोडणारी असं नाव आहे आणि ती घडवणाऱ्या महंमद हुसेन अरब याचंही नाव आहे. त्या काळी तोफ ओतणाऱ्या कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं ते या कोरलेल्या अक्षरांमुळे.

माझ्या पोस्टरवरच्या तोफेवर यातलं काहीच नव्हतं. फारसीसारखी दिसणारी वळणं होती, टिंबं होती, नक्षी होती. मला ती ‘झकास’ वाटली होती, कारण मला फारसी वाचता येत नाही. ‘दोलताबाद’ मला निदान दाखवल्यावर तरी दिसलं. इथे कुणी दाखवलं असतं तरी कळलं नसतं.

मी लगेच उपाय सुचवला. लेखाचा मजकूर कुठून तरी शोधतो आणि फारसी फॉन्टमध्ये टाइप करून बसवतो. मॅडमनी तो तिथेच थांबवला. कोरीव लेखात अक्षरांचं वळण, शब्दांची मांडणी, कुठे झिजलंय, कुठे तुटलंय, हे सगळं महत्त्वाचं असतं. अभ्यासक त्यावरूनच वाचन ठरवतात. मी संगणकाच्या फॉन्टने तो भाग भरला असता तर खोट्याच्या जागी नीटनेटकं खोटं आलं असतं. आणि ते जास्त वाईट, कारण त्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरतं, कुणीतरी ते शाळेच्या प्रकल्पात चिकटवतं आणि तोफेवर कधीच नसलेला लेख तोफेचा लेख म्हणून पुढे जातो.

मग करायचं काय? मूळ फोटोतला लेखाचा भाग जसाच्या तसा उचलायचा. त्यावर नवीन काही घडवणारं मॉडेल चालवायचंच नाही. पण नुसता फोटो जलरंगाच्या चित्रात चिकटवला तर तो डोळ्यांत खुपतो. इथे जुन्या पद्धतीचे फिल्टर कामी आले. GIMP मध्ये `Filters > Artistic > Oilify` नावाचा फिल्टर आहे. तो आसपासच्या पिक्सेलमधला सगळ्यात जास्त दिसणारा रंग निवडून तिथे पसरवतो, त्यामुळे चित्र तैलरंगासारखं दिसतं. महत्त्वाचं हे की तो फोटोत असलेल्याच पिक्सेलवर हिशोब करतो. अक्षरं कशी असतात याच्या कुठल्याही आठवणी त्याच्याकडे नाहीत. तो अक्षर धूसर करेल, जाड करेल, पण नवीन अक्षर शोधून काढणार नाही. ब्रशचा आकार मी अगदी लहान ठेवला. मोठा केला की नुकते फारसी अक्षरांना चिकटून दिसेनासे होत होते आणि नुकता गेला की फारसीत अक्षरच बदलतं. कडा मास्कने हळूहळू विरवल्या आणि रंग थोडे उबदार केले. तोफ चित्रात मिसळली, लेख तोफेचाच राहिला.

मॅडमनी मूळ फोटो आणि पोस्टर शेजारी ठेवून पाहिलं आणि एक ओळ घालायला लावली. ती कोपऱ्यात छापली, ‘चित्रशैली संगणकावर बदललेली आहे, लेख मूळ छायाचित्रातला.’

छापण्याआधी

तपासणीतही एकदा फसलो, ते सांगून टाकतो. मला वाटलं, फोनमधल्या मजकूर ओळखणाऱ्या लेन्सने पाटी वाचली की झालं. गंमत म्हणून आधीचं ‘दोलताबाद’ तिला दाखवलं. तिने सरळ ‘दौलताबाद’ वाचलं! तीही आपल्यासारखीच अंदाजाने ओळखीचा शब्द भरते. यंत्राला वाचता आलं म्हणजे अक्षर बरोबर आहे असं नाही.

मग आम्ही साधी रीत वापरली. एकाने मूळ फोटोतली पाटी शेवटून सुरुवातीकडे, एक एक अक्षर मोठ्याने सांगायची. ‘द, बा, ता, ल, दौ.’ दुसऱ्याने पोस्टरवर बोट ठेवत जायचं. उलटं वाचताना शब्द तयार होत नाही, त्यामुळे मेंदूला भर घालता येत नाही आणि गेलेली मात्रा पटकन दिसते. दोन पाट्यांना मिळून चार मिनिटं लागली. तोफेसाठी वेगळं केलं. मूळ फोटो आणि पोस्टर एकाच आकारात एकावर एक ठेवून वरचा लेयर चालू-बंद, चालू-बंद केला. रंग बदलला तर चालेल, एखादी रेघ हलली तर नाही.

चार दिवसांनी मला एकच गोष्ट नीट पाठ झाली. चित्रातली अक्षरं तीन प्रकारची असतात. जी वाचता येतात आणि छापील आहेत, ती टाइप करा. जी वाचता येतात पण कुणाच्या तरी हातची आहेत, ती त्या हाताच्या वळणासह उचला. आणि जी आपल्याला वाचता येत नाहीत, त्यांना हात लावू नका, मूळ फोटोतून जशीच्या तशी आणा.

१८ तारखेला पोस्टर कॉलेजच्या फलकावर लागलं आणि वॉकही झाला. उतरताना सगळे रसवंतीवर थांबलो. मी पोस्टर फोनवर काढून काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला, वरच्या पाटीकडे एकदा पाहिलं, परत फोनकडे पाहिलं.

“ग बरोबर आलाय,” ते म्हणाले, आणि चरकात दुसरं कांडं घातलं.